ताणून घेतलेली चेन आठवड्यात पुन्हा ढिली: ओ-रिंग चेनला तेल लावायचं की वॅक्स?

चिपळूणला माझ्या दारात गेल्या काही पावसाळ्यांत जेवढ्या मोटरसायकली चेनसाठी आल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांची तक्रार एकच होती. चेन ताणून घेतली, लूब मारलं, दोन-चार दिवस गाडी गप्प राहिली आणि मग आवाज परत सुरू झाला. चेन ढिलीही झाली. मालक सांगतो की मी चेनची खूप काळजी घेतो, आणि ते खरंच असतं. फक्त ती काळजी साध्या चेनची असते आणि गाडीला ओ-रिंग चेन असते.

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन तुमच्या गाडीत असतील तर पुढचं वाचायला बसा.

- गाडी हळू चालवताना किंवा ढकलताना मागून कोरडी किर्र-किर्र किंवा कट-कट ऐकू येते.
- चाक फिरवलं की चेन एका जागी ताठ, तर दुसऱ्या जागी लोंबती दिसते.
- खालच्या बाजूला एखाद-दोन कड्या वाकलेल्याच राहतात, सरळ होत नाहीत.
- ठरावीक कड्यांच्या सांध्यातून तांबूस भुकटी बाहेर आलेली असते.
- दात्यांवर काळा, चिकट, वाळूसारखा लागणारा लगदा साचतो.
- मागच्या रिमवर तेलाचे शिंतोडे उडालेले असतात, तरी चेन मात्र कोरडी असते.

पहिली तपासणी: चेन कुठली आहे ते बघा (खर्च शून्य)

बॅटरी घेऊन चेनच्या बाजूने बघा. प्रत्येक कडीला बाहेरची पट्टी आणि आतली पट्टी असते. या दोन पट्ट्यांच्या फटीत काळ्या रबराची बारीक कडा दिसली तर ती ओ-रिंग चेन. धातूला धातू टेकलेला दिसला तर साधी चेन. पट्टीवर ४२८ एच असं कोरलेलं असलं की बरेच जण ती ओ-रिंग समजतात, पण त्यातल्या एचचा अर्थ पट्टी जाड आहे एवढाच. रबर डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

हे आधी का बघायचं, ते चेनच्या पोटात काय असतं यावरून कळेल. दोन कड्या जिथे जोडतात त्या सांध्यात पिन असते, पिनेवर बुश असतो आणि बुशवर फिरणारा रोलर. म्हणजे झिजायच्या जागा दोन: पिन आणि बुश यांच्यामधली, आणि बुश आणि रोलर यांच्यामधली. चेन लांबते ती पहिल्या जागेच्या झिजेमुळे. एकेका सांध्यात केसाएवढी झीज झाली, तरी शंभराहून जास्त सांधे मिळून चेन बोटभर लोंबते.

साध्या चेनमध्ये त्या पहिल्या जागेत बाहेरून तेल शिरू शकतं, आणि ते शिरायलाच हवं. ओ-रिंग चेनमध्ये तिथे कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी रबराची रिंग बसवलेली असते. ११० कड्यांच्या चेनमध्ये अशा २२० रिंगा होतात. ते ग्रीस चेनच्या अख्ख्या आयुष्यासाठी असतं. तुम्ही वरून काहीही लावा, रिंग शाबूत असेल तर ते आत जात नाही. रिंग गेली असेल तर आतलं ग्रीस निघून जातं, आणि ते परत भरण्याचा घरगुती उपाय नाही.

म्हणून ओ-रिंग चेनला लूब लावायचं ते तीनच कामांसाठी: रोलर आणि दात्यांमधलं घर्षण कमी करायला, पट्ट्यांना गंज लागू नये म्हणून, आणि रबर ओलसर राहावं म्हणून. कोरडं रबर पट्टीवर घासून झिजतं. तेल की वॅक्स हा प्रश्न या तीन कामांपुरताच आहे.

दुसरी तपासणी: झोल चार ठिकाणी मोजा (लागते फक्त पट्टी)

इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, किल्ली काढून खिशात. एक गोष्ट कळकळीने सांगतो: गाडी मेन स्टँडवर लावून पहिल्या गिअरमध्ये चाक फिरत ठेवायचं आणि चेनला फडकं लावायचं, ही सवय आजच सोडा. फडकं ओढलं जातं आणि मागोमाग बोट दात्यांत जातं. बोट तुटायला एक क्षण लागतो. चाक नेहमी हातानेच फिरवायचं.

दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध खालच्या चेनला पट्टी लावा, चेन बोटाने वर-खाली करा आणि किती मिलिमीटर हलते ते बघा. मग चाक अर्धा फेरा फिरवून परत मोजा, असं चार-पाच ठिकाणी. किती झोल हवा ते गाडीच्या पुस्तकात किंवा मागच्या स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतं. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० किंवा २५ ते ३५ मिलिमीटर असतो. साइड स्टँडवर मोजायचा की मेन स्टँडवर, हेही तिथेच लिहिलेलं असतं, आणि त्याने आकडा बदलतो.

चारही ठिकाणी झोल सारखा पण जास्त असेल, तर चेन नुसती ताणायची आहे. एका जागी २५ आणि दुसऱ्या जागी ४० येत असेल, तर चेन सारखी झिजलेली नाही किंवा काही कड्या आखडल्या आहेत. गॅरेजात बहुतेक वेळा चेन जिथे लोंबताना दिसते तिथेच ताणली जाते. मग ताठ जागा फिरून आली की ती तारेसारखी ओढली जाते, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो आणि चेन आणखी लवकर लांबते. आठवड्यात पुन्हा ढिली होण्याचं हे मोठं कारण. ताणायची ती सर्वात ताठ जागा शोधून, तिथला झोल पुस्तकातल्या आकड्याला आणून. बाकीच्या जागा थोड्या लोंबल्या तरी चालतील. फारच लोंबत असतील तर ताणून उपयोग नाही, पुढच्या तपासण्या करा.

तिसरी तपासणी: धुवा, पण कशाने ते बघून

सर्वात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

साधी चेन लोक पेट्रोलने धुवायचे, तारेच्या ब्रशने घासायचे. पूर्वी चेन काढून रॉकेलमध्ये भिजत टाकायची आणि मग पातेल्यात गरम केलेल्या ग्रीसमध्ये बुडवायची पद्धत होती. साध्या चेनसाठी ती उत्तम होती, कारण गरम ग्रीस पातळ होऊन पिनेपर्यंत पोचायचं. ओ-रिंग चेनला यातलं काहीही चालत नाही. पेट्रोल, थिनर आणि ब्रेक क्लीनर यांनी रबर फुगतं, नंतर सुकताना कडक होतं आणि तडकतं. तारेचा ब्रश रिंगेची बाहेरची कडा कापतो. वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवारा जवळून मारला तर पाणी आणि वाळू रिंगेच्या आत ढकलली जाते. तिथले लोक चेन स्वच्छ दिसावी म्हणून फवारा मुद्दाम चेनवर धरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

ओ-रिंग चेनला रॉकेल चालतं. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही. मग ओ-रिंगसाठी चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला चेन क्लीनर घ्या, किंवा कोमट पाण्यात सौम्य साबण. रॉकेल वापरलं तरी चेन त्यात रात्रभर बुडवून ठेवायची नाही. ब्रश नायलॉनच्या केसांचा, मऊ, जुना दात घासायचा ब्रशसुद्धा चालतो. चेनखाली पुठ्ठा ठेवा, मागच्या टायरवर आणि ब्रेकच्या डिस्कवर काही उडू देऊ नका. वीसेक कड्यांचा टप्पा घेत चारही बाजूंनी घासा, लगेच सुक्या फडक्याने पुसा, मग पुढचा टप्पा. शेवटी चेन पूर्ण सुकू द्या. ओल्या चेनवर लूब मारलं तर पाणी खाली कोंडतं आणि गंज आतून धरतो.

धुतल्यावर वाकलेल्या कड्या हाताने दोन्ही बाजूंना हलवून बघा. माती किंवा वरवरच्या गंजाने आखडलेली कडी थोड्या तेलाने आणि पाच-दहा वेळा हलवल्यावर मोकळी होते. तरीही ताठ राहिली तर आतली पिन गंजली आहे.

आता रिंगा बघा. चाक हळूहळू फिरवत प्रत्येक फटीत रबर आहे ना, फाटून लोंबत नाही ना, हे दोन्ही बाजूंनी तपासा. दहा मिनिटं लागतात. कुठे रबरच नसेल आणि तिथेच तांबूस भुकटी असेल, तर तो सांधा कोरडा चालतो आहे. ती भुकटी म्हणजे पिन आणि बुश यांचं झिजलेलं, गंजलेलं लोखंड.

चौथी: तेल की वॅक्स

माझं मत सरळ आहे. साध्या चेनला वर्षभर तेल. ओ-रिंग चेनला पावसाळ्यात तेल, बाकी आठ महिने वॅक्स.

साध्या चेनमध्ये तेल पिनेपर्यंत शिरायला हवं आणि ते काम पातळ वस्तूच करते. ९० नंबरचं गिअर ऑइल घ्या, ते बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकातही सुचवलेलं असतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या ज्या गाड्यांना पूर्ण चेन कव्हर असतं, त्यांना धूळही कमी लागते आणि तेल बाहेर उडतही नाही, त्यामुळे तेलाचे दोष तिथे जाणवत नाहीत.

ओ-रिंग चेन बहुधा उघडी असते. तिला आत शिरणारं काही नकोच आहे, बाहेर टिकणारं हवं. वॅक्सच्या स्प्रेमध्ये मेण एका उडून जाणाऱ्या द्रवात विरघळलेलं असतं. मारल्यावर ते पातळ असतं, रोलरच्या फटीत जातं, मग द्रव उडून जातो आणि मेणाचा थर मागे राहतो. हा थर जवळपास कोरडा असल्यामुळे त्याला धूळ कमी चिकटते. ऑक्टोबरनंतर आमच्याकडे जांभ्याची लाल धूळ सुरू होते. तेलकट चेनवर ती बसली की दोन दिवसांत पॉलिश पेपरसारखा लगदा तयार होतो आणि रोलर व दाते घासत राहतो. वॅक्स लावलेल्या चेनवर तीच धूळ बरीचशी नुसत्या फडक्याने निघते.

वॅक्सची अडचण पावसाळ्यात येते. त्याला पूर्ण सुकी चेन लागते आणि मारल्यावर थर धरायला किमान अर्धा तास, खरं तर रात्रभर वेळ लागतो. जुलैत कुंभार्ली घाटातून रोज ये-जा करणाऱ्याची चेन सुकते कधी? गिअर ऑइल पावसात लवकर धुऊन जातं हे खरं, पण रोज संध्याकाळी फडक्याने पाणी टिपून ब्रशने चार थेंब फिरवायला पाच मिनिटं आणि अगदी थोडे पैसे लागतात. पावसाळ्यात रोज लावता येणारं साधं तेल हे महिन्यातून एकदा मारलेल्या महागड्या वॅक्सपेक्षा चेनला जास्त जपतं.

वॅक्सचा स्प्रे घेतानाही डब्यावर ओ-रिंगसाठी चालतो असं लिहिलेलं बघा. गंज सोडवणारे, पाणी हटवणारे पातळ स्प्रे म्हणजे लूब नव्हे. त्यांनी चेन तासभर चमकते आणि मग आधीपेक्षा कोरडी पडते.

लावायची रीत दोघांची जवळपास सारखी आहे. गाडी पाच-दहा किलोमीटर चालवून आणा, चेन कोमट झाली की लूब नीट पसरतं. खालच्या चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे जी बाजू दात्यांवर बसते तिथे लावा, कारण चेन फिरताना तेल आपोआप आतून बाहेर फेकलं जातं. चाक उलटं फिरवत चेनचा एक पूर्ण फेरा डाव्या पट्ट्यांच्या फटीवर, एक फेरा उजव्या. तेल असेल तर पंधरा मिनिटांनी वरचं सगळं पुसून काढा. रिमवर उडतं ते हे वरचंच तेल, आणि ते टायरवर गेलं तर वळणावर गाडी घसरते. वॅक्स असेल तर मारून झोपायला जा आणि सकाळी गाडी काढा. वॅक्स टिकत नाही म्हणणारे बहुतेक जण मारून लगेच निघालेले असतात, आणि न सुकलेलं वॅक्स तेलासारखंच उडून जातं.

आणखी एक: तेलावर वॅक्स धरत नाही. पावसाळा संपल्यावर बदल करताना चेन आधी पूर्ण धुवा, सुकवा, मग पहिलं वॅक्स मारा. कोरड्या दिवसांत साधारण ५०० किलोमीटरला एकदा पुरे.

पाचवी: पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडा

दोन-तीन बोल्ट असतात. वर्षानुवर्षं उडालेलं तेल, वॅक्स आणि माती इथे साचून काळ्या मेणाचा गोळा होतो. गोळा चेनला घासतो आणि आवाज येतो, आणि मालक मागच्या चाकाकडे शोधत बसतो. लाकडी पट्टीने खरवडून काढा, स्क्रू ड्रायव्हरने नको, आतल्या ऑइल सीलला टोक लागतं. दाते बघून घ्या. दोन्ही बाजूंनी सारखे असतील तर ठीक. लाटेसारखे एका बाजूला कललेले किंवा टोकदार झाले असतील तर स्प्रॉकेट संपलं.

सहावी: चेनची लांबी मोजा

खालच्या चेनला हाताने दाब देऊन ती ताठ ठेवा. एका पिनेच्या मध्यापासून मोजायला सुरुवात करा, ती पहिली धरून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत अंतर घ्या, म्हणजे वीस कड्या होतात. ५२० मापाच्या नव्या चेनमध्ये हे अंतर ३१७.५ मिलिमीटर असतं, ४२८ मध्ये २५४. काही कंपन्यांच्या पुस्तकात ५२० साठी ३२३ ही शेवटची मर्यादा दिलेली असते. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकातून घ्या. तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजा, कारण ओ-रिंग चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथली रिंग गेली तिथेच ती लांबते.

मागच्या ऑगस्टमधली एक गाडी सांगतो. शेजारच्या मुलाची २०० सीसी, १४ हजार किलोमीटर चाललेली. "काका, परवाच ताणून घेतली, परत लोंबायला लागली." चेन लखलखीत होती. दर महिन्याला पेट्रोल आणि तारेचा ब्रश, मग ओल्या चेनवरच वॅक्स. झोल एका जागी २२, समोरच्या जागी ४१. धुतल्यावर चार कड्या आखडलेल्याच राहिल्या आणि सहा-सात फटींत रबर नव्हतं. वीस कड्यांचं माप एका टप्प्यात ३१८.५ आलं, आखडलेल्या टप्प्यात ३२१.५. नुसते आकडे बघितले तर चेन मर्यादेत दिसली असती. पण त्या टप्प्यातले सांधे कोरडे झाले होते आणि ते रोज लांबतच जाणार होते. ताणून, तेल लावून काही होणार नव्हतं. मी त्याला चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायला सांगितलं, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन नीट बसत नाही आणि तीही लवकर लांबते. नव्या चेनला त्याने पेट्रोल लावलेलं नाही. उरलेल्या पावसात रोज तेल, दिवाळीनंतर वॅक्स असं केलं, आणि मे महिन्यापर्यंत एकदाच ताणावी लागली.

इथे थांबा, मेकॅनिककडे जा

एक जरी ओ-रिंग गायब असेल आणि तिथे तांबूस भुकटी असेल, किंवा धुऊनही कडी आखडलेली असेल, तर घरचं काम संपलं. अशी चेन वेगात तुटली तर मागचं चाक जाम होऊ शकतं किंवा चेन इंजिनचं कव्हर फोडते, म्हणून घाटात नेऊ नका.

नवी ओ-रिंग चेन बहुधा रिव्हेट करून जोडतात. त्यासाठी रिव्हेटचं खास हत्यार लागतं. हातोडीने ठोकलेला सांधा बाहेरून चांगला दिसतो, पण पट्टी किती दाबली गेली ते कळत नाही. जास्त दाबली तर कडी आखडते आणि रिंग चिरडते, कमी दाबली तर सांधा सुटतो. मेकॅनिककडे हे हत्यार आहे का ते आधी विचारा. क्लिपचं लॉक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन पुढे जाते त्या दिशेला आहे, एवढं स्वतः बघून घ्या.

मागच्या एक्सेलचा नट किती घट्ट करायचा हे ठाऊक नसेल, टॉर्क रेंच नसेल किंवा दोन्ही बाजूंच्या खुणा जुळत नसतील, तर चेन ताणण्याचं कामही त्यांच्याकडेच द्या. आणि चेन, स्प्रॉकेट सगळं ठीक असूनही आवाज राहिला, तर चाकाच्या बेअरिंग आणि हबमधली रबरं तपासायला सांगा. त्यासाठी चाक काढावं लागतं, ते घरी करू नका.